लिमिट ऑर्डर अडकली : थांबायचं, भाव बदलायचा की रद्द करायची?

२५० ला शंभर शेअर घ्यायची लिमिट ऑर्डर लावली. तासाभराने स्क्रीनवर शेवटचा भाव २५० दिसला, मग २५०.२०, पुन्हा २५०. तरी ऑर्डर आपली पेंडिंगच. ‘भाव तर आला होता, मग माझी का नाही लागली?’ हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि घाईचे बहुतेक चुकीचे निर्णय याच क्षणी होतात. म्हणून आधी नेमकं काय घडतंय ते बघू.

एक्स्चेंज आधी भाव बघतं, मग वेळ. २५०.०५ देणारा खरेदीदार तुमच्या पुढे. २५० देणाऱ्यांमध्ये ज्याची ऑर्डर आधी पोचली तो पुढे. तुम्ही ऑर्डर टाकलीत तेव्हा मार्केट डेप्थ अशी होती असं धरू :

| खरेदी | शेअर | विक्री | शेअर |
|---|---|---|---|
| २५०.०० | १,९०० | २५०.२० | ६० |
| २४९.९५ | ७०० | २५०.३० | २०० |

डावीकडच्या १,९०० मध्ये तुमचे शंभरही आहेत. म्हणजे तुमच्या पुढे १,८०० शेअरची रांग. तासाभरात २५० ला १,२०० शेअरचे सौदे झाले, म्हणून शेवटचा भाव २५० दिसला. पण ते शेअर पुढच्यांना मिळाले. पुढे अजून ६०० उरले, त्यातल्या कोणी कंटाळून ऑर्डर काढली असेल तर थोडे कमी. रांगेतला तुमचा क्रमांक सहसा कुठे दिसत नाही. म्हणून मी ऑर्डर टाकतानाच त्या भावासमोरचा आकडा टिपून ठेवतो, नंतर त्या भावाला झालेले सौदे त्यातून वजा करतो. अंदाजच तो, पण डोळे मिटून बसण्यापेक्षा बरा.

एक पक्की खूण मात्र आहे. त्याच एक्स्चेंजवर भाव २४९.९५ ला गेला, तिथे सौदे झाले आणि तरी तुमची २५० ची खरेदी पेंडिंग, असं नेहमीच्या सत्रात होता कामा नये, कारण २५० देणारा आधी. तसं दिसलं तर तुमची ऑर्डर बहुधा त्या रांगेत उभीच नाही. ऑर्डर बुक उघडा आणि स्टेटस शब्दन् शब्द वाचा. `Open` असेल तर ती एक्स्चेंजवर उभी आहे. `Trigger Pending` असेल तर तुमच्याकडून स्टॉप ऑर्डर टाकली गेली आहे आणि ट्रिगर होईपर्यंत ती रांगेत शिरणारच नाही. बाजार बंद असताना टाकलेली ऑर्डर ब्रोकरकडेच पडून असू शकते. शेअर दोन एक्स्चेंजवर असेल तर तुम्ही भाव एकाचा बघताय आणि ऑर्डर दुसऱ्यावर आहे, हेही होतं. हसू नका, अनुभवी माणसंही यात फसतात.

स्टेटस `Open` आहे आणि प्रश्न फक्त रांगेचा आहे, असं ठरलं की मग निवड.

थांबण्यात खर्च काही दिसत नाही, फक्त पैसे अडकून राहतात. पण त्यात एक खोच आहे. भाव २५० च्या खाली घसरला तर तुमची ऑर्डर लागणारच. तिथून उसळून २५५ ला गेला तर तुम्ही बाहेरच. म्हणजे लागते तेव्हा शेअर पडत असतो आणि हवा असतो तेव्हा तो हातात नसतो. ‘२५० च्या वर मला तो नकोच’ हे मनापासून खरं असेल तर खुशाल थांबा. डे ऑर्डर असेल तर सत्र संपल्यावर ती आपोआप रद्द होते, रद्द होईपर्यंत राहणारी असेल तर मात्र तिची आठवण तुम्हालाच ठेवावी लागेल.

शेअर हवाच असेल तर मी भाव बदलतो, म्हणजे त्याच ऑर्डरवर मॉडिफाय. इथे लोक दहा-वीस पैसे सरकवायला बिचकतात, म्हणून हिशेब करून बघू. लिमिट २५०.३० केली तर ६० शेअर २५०.२० ला मिळतील आणि ४० शेअर २५०.३० ला. सरासरी २५०.२४. पंचवीस हजारांच्या खरेदीत जास्तीचे गेले फक्त २४ रुपये. आणि लिमिट २५०.३० असली म्हणून सगळे शेअर त्या भावाला पडत नाहीत, समोर स्वस्त असेल ते आधी मिळतं.

मार्केट ऑर्डरनेही आत्ता हेच झालं असतं. फरक पडतो तो समोरचे २०० शेअर तेवढ्यात कुणी उचलले तर. मार्केट ऑर्डर पुढच्या विक्रेत्याकडे जाते, तो २५२ मागत असला तरी. बदललेली लिमिट २५०.३० ला थांबते. उलाढाल कमी असलेल्या शेअरमध्ये मार्केट ऑर्डर मी टाकतच नाही.

मॉडिफायची किंमत रांगेत मोजावी लागते. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की बहुतेक एक्स्चेंजवर तुम्ही शेवटी जाता. संख्या कमी केली तर सहसा जागा टिकते. म्हणून २५० चे २५०.०५ करून पुन्हा २५० वर यायचं, ही चुळबुळ सगळ्यात वाईट. आधीची १,२०० ची प्रगती त्यात वाया जाते.

रद्द करणं तेव्हाच, जेव्हा शेअर घ्यायचा विचारच बदलला असेल. ऑर्डर बुकमधल्या ओपन ऑर्डरवर जाऊन कॅन्सल दाबायचं, एवढंच. पण दाबणं म्हणजे रद्द होणं नव्हे. ती एक विनंती असते, ती एक्स्चेंजपर्यंत जाते, आणि त्या दरम्यान ऑर्डर लागली तर विनंती नाकारली जाते. मी एकदा कॅन्सल दाबलं आणि स्टेटस न बघता लगेच वरच्या भावाला नवी ऑर्डर टाकली. जुनी तोवर लागून गेली होती. शंभरऐवजी दोनशे शेअर गळ्यात पडले आणि जास्तीचे विकताना थोडा तोटाही झाला. तेव्हापासून `Cancelled` दिसल्याशिवाय दुसरी ऑर्डर नाही. मॉडिफायमध्ये ऑर्डर एकच राहते, त्यामुळे हा दुहेरी खरेदीचा धोका नसतो. भाव सुधारण्यासाठी रद्द करून नवी टाकणाऱ्यांना मी हेच सांगतो.

अर्धवट लागलेल्या ऑर्डरकडेही लक्ष असू द्या. शंभरातले ४० आले आणि मग कॅन्सल केलं तर रद्द होतात ते ६०. ते ४० तुमचे झाले, ते परत जात नाहीत. ट्रेड बुकमध्ये किती, कोणत्या भावाला आले ते दिसतं.

आणि भाव वरच्या सर्किटला चिकटला असेल, समोर विक्रेताच नसेल, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा. त्याहून वरचा भाव स्वीकारलाच जात नाही, मार्केट ऑर्डरलाही विक्रेता मिळत नाही. तिथे मॉडिफाय करून रांगेतली जागा घालवण्यात काही अर्थ नाही. उभं राहायचं किंवा निघायचं.