हातच्याची वजाबाकी: करून दाखवणारी ताई की बेताने आधार देणारी ताई?

परभणीजवळच्या एका खेड्यात तिसरीतला मुलगा ५२ − २७ चे उत्तर ३५ लिहितो, म्हणजे एककात तो २ मधून ७ न वजा करता लहान अंक मोठ्यातून वजा करतो. त्याची पाचवीतली ताई दोन प्रकारे मदत करू शकते.

पहिल्या प्रकारात ती “हातचा घे, बारातून सात गेले पाच” असे म्हणत स्वतःच २५ लिहिते. वही बरोबर होते, परंतु पुढच्या ६३ − २८ ला तो पुन्हा ४५ लिहितो.

दुसऱ्या प्रकारात ती तुराटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या मांडते आणि सात सुट्या काड्या मागते. तो अडला, तरच “जुडी सोडता येईल का?” असे विचारते, तरीही जमले नाही, तर एक जुडी स्वतः सोडते. जमले की पुढच्या उदाहरणात ती गप्प राहते, आणि माझ्या मते हे गप्प राहणेच सर्वांत अवघड आहे.

मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी मुलाला एकट्याने जमणारे आणि मदतीने जमणारे यांमधील अंतराला निकटच्या विकासाचे क्षेत्र म्हटले. अलीकडेच हातचा शिकलेल्या ताईला ही अडचण आठवते, हा तिचा फायदा. मात्र एक जुडी म्हणजे दहा काड्या हेच मुलाला उमगले नसेल, तर हातचा अजून त्या क्षेत्राबाहेर आहे आणि आधी जुड्या बांधायलाच बसवावे.