स्क्रीनशॉटवरून पीसीआर: मजकूर उचलणारे साधन, की हाताने भरलेल्या सात ओळी?

ऑप्शन चेनचा स्क्रीनशॉट हाताशी आहे, त्यावरून पुट-कॉल रेशो म्हणजेच पीसीआर काढायचा आहे आणि बाजाराला आधार साधारण कुठे मिळेल याचा अंदाज बांधायचा आहे, अशा वेळी नवशिक्यापुढे दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या साधनाने सगळा तक्ता उचलून एक्सेलमध्ये चिकटवणे. दुसरा म्हणजे स्पॉटच्या आसपासच्या मोजक्या ओळी स्वतः टंकणे. मी पहिला रस्ता काही महिने वापरला आणि आता बहुतेक वेळा दुसऱ्याने जातो. पहिल्यात दोष आहे असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. माझे मत का बदलले ते मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे.

आधी उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ते शेकड्यांत ठेवले आहेत. निर्देशांक १०,०४० वर आहे, स्ट्राइक शंभर-शंभराच्या अंतराने आहेत आणि ओपन इंटरेस्ट म्हणजे ओआय करारांच्या संख्येत दिला आहे.

| स्ट्राइक | कॉल ओआय | पुट ओआय | पुट ओआयमधील बदल |
|---|---|---|---|
| ९,७०० | ४०० | २,९०० | +३०० |
| ९,८०० | ७०० | ५,६०० | +१,८०० |
| ९,९०० | १,३०० | ३,८०० | +६०० |
| १०,००० | ४,२०० | ६,१०० | −४०० |
| १०,१०० | ४,००० | १,७०० | −२०० |
| १०,२०० | ५,९०० | ९०० | +१०० |
| १०,३०० | ३,५०० | ५०० | ० |

कॉलची बेरीज २०,०००, पुटची २१,५००. म्हणजे पीसीआर १.०८. एक्सेलमध्ये स्ट्राइक `A`, कॉल `B`, पुट `C` आणि बदल `D` या स्तंभांत ठेवल्यास इतके पुरते:

```
=SUM(C2:C8)/SUM(B2:B8)
=COUNT(C2:C8)
=INDEX(A2:A8, MATCH(MAX(C2:C8), C2:C8, 0))
```

पहिले सूत्र रेशो देते, तिसरे सर्वांत जास्त पुट ओआय असलेली स्ट्राइक दाखवते. दुसरे वरवर निरर्थक वाटते, पण माझ्या मते तिघांत तेच महत्त्वाचे आहे. त्याचे कारण पुढे येईल.

वेगाच्या बाबतीत मजकूर उचलणारे साधन निर्विवाद पुढे आहे. साठ-सत्तर ओळींची चेन असो वा दोन एक्स्पायरींचे तक्ते असोत, काम मिनिटभरात उरकते. हाताने सात ओळी भरायला मला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि दर पंधरा मिनिटांनी नवा पीसीआर हवा असणाऱ्याला ते परवडणार नाही. एवढ्यावरच निवड करायची असती, तर हा लेख इथेच संपला असता.

मला खरा त्रास झाला तो एका हरवलेल्या आकड्यामुळे. चेनचा तक्ता बहुधा आरशासारखा मांडलेला असतो: मध्ये स्ट्राइक, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट, आणि दोन्ही बाजूंना `OI` अगदी कडेच्या स्तंभात. म्हणजे पुटचा ओआय ओळीच्या शेवटच्या घरात येतो. त्या दिवशी ९,८०० च्या ओळीत पुटच्या भावातला बदल गुलाबी पट्टीवर फिकट लाल अक्षरांत छापलेला होता आणि साधनाने तो उचललाच नाही. रिकामे घर ठेवायलाही ते विसरले. परिणामी त्याच्या उजवीकडचे सगळे आकडे एकेक घर डावीकडे सरकले: `Chng in OI` खाली ५,६०० आले आणि `OI` चे घर कोरे राहिले.

बेरजेच्या सूत्राला कोऱ्या घराचे काहीच वाटत नाही. पुटची बेरीज १५,९०० झाली आणि पीसीआर १.०८ ऐवजी ०.८० आला. स्ट्राइकचा स्तंभ जागच्या जागी असल्यामुळे नजरेला काही खटकले नाही. शिवाय ०.८० हा आकडा काही अशक्य नाही. तो १७ किंवा ०.०३ आला असता तर मी लगेच थबकलो असतो. गुणोत्तराची हीच अडचण आहे की त्याचे चुकीचे उत्तरही बरोबर उत्तरासारखेच दिसते. मी त्या दिवशी वर दडपण जास्त आहे असे मानले आणि भरपूर पुट ओआय असलेल्या पातळ्यांतून ९,८०० चक्क वगळली. गंमत अशी की त्याच ओळीत बदलाखाली ५,६०० दिसत होते, आणि मी त्याचाही काहीतरी अर्थ लावून मोकळा झालो होतो.

याच्या जोडीला दोन किरकोळ खोड्या आहेत. उणे चिन्ह गळते, त्यामुळे १०,००० वरचे −४०० हे ४०० होते आणि पुट कमी होत असताना वाढल्यासारखे दिसतात. स्वल्पविरामाचा टिंब झाला, तर ६,१०० चे ६.१ होते. ही दुसरी चूक निदान लगेच पकडता येते.

`COUNT` चे सूत्र यासाठीच हवे. सात ओळी असतील तर उत्तर सात आलेच पाहिजे. सहा आले की एक घर कोरे आहे किंवा त्यात आकड्याऐवजी मजकूर बसला आहे. हे सूत्र लावल्यावर पहिल्या रस्त्याचा धोका बराच कमी होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. तरी गळालेले उणे चिन्ह ते पकडत नाही.

हाताने भरताना चुका होत नाहीत असे नाही. माझ्याकडून ५,६०० चे ६,५०० झालेले आहेत. पण प्रत्येक आकडा टंकताना तो कोणत्या ओळीतला आणि कोणत्या बाजूचा आहे हे डोळ्यांखालून जाते, आणि पुढच्या विचाराची सुरुवात तिथेच होते. शिवाय ओळी किती घ्यायच्या हे आधी ठरवावे लागते, आणि हा फायदा मला अपेक्षित नव्हता.

पुटचा ओआय साधारणपणे स्पॉटच्या खालच्या स्ट्राइकवर साचतो आणि कॉलचा वरच्या, त्यामुळे स्क्रीनशॉट कुठे कापला गेला यावर पीसीआर ठरू लागतो. वरील तक्त्यातून १०,२०० आणि १०,३०० या ओळी पडद्याबाहेर राहिल्या, तर पुट २०,१०० आणि कॉल १०,६०० उरतात, म्हणजे रेशो १.९०. त्याउलट ९,७०० आणि ९,८०० या ओळी कापल्या गेल्या, तर १३,००० ला १८,९०० ने भागून ०.६९ येतो. बाजार तोच, क्षण तोच. फक्त बोट पडद्यावर कुठे थांबले यात फरक. साधन जे दिसेल ते उचलते आणि ओळी असमतोल आहेत याची जाणीव करून देत नाही. हाताने भरणारा मात्र स्पॉटजवळची स्ट्राइक, इथे १०,०००, मध्ये धरून खाली तीन आणि वर तीन मोजतो. याच कारणाने स्वतः काढलेला सात ओळींचा पीसीआर कुठे तयार छापलेल्या पूर्ण चेनच्या पीसीआरशी ताडून पाहू नये; त्याची तुलना आपल्याच कालच्या सात ओळींशी करावी, आणि तीही एक्स्पायरी तीच असताना.

आता आधार पातळी. तिसरे सूत्र १०,००० सांगेल, कारण तिथे पुट ओआय सर्वाधिक, ६,१०० आहे. नवशिक्या इथेच थांबतो. परंतु त्याच स्ट्राइकवर कॉलही ४,२०० आहेत, म्हणजे ती पातळी दोन्ही बाजूंनी लढवली जात आहे; शिवाय तिथले पुट दिवसभरात ४०० ने घटले आहेत. ९,८०० वर पुट ५,६०० असले तरी कॉल फक्त ७०० आहेत. पुटमधून कॉल वजा केल्यास १०,००० वर १,९०० उरतात आणि ९,८०० वर ४,९००, आणि नवी भरही तिथेच, १,८०० ची पडली आहे. त्यामुळे मी आधार ९,८०० ला मानेन आणि १०,००० ला केवळ पहिला थांबा.

पातळीऐवजी पट्टा हवा असेल, तर पुट विकणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. ९,८०० च्या पुटचा प्रीमियम ३८ असेल, तर आत्ताच्या भावाने विकणाऱ्याला एक्स्पायरीला ९,७६२ च्या खाली तोटा सुरू होतो. म्हणून पट्टा साधारण ९,७६० ते ९,८०० असा धरता येतो. निर्देशांक त्याच्याही खाली टिकू लागला, तर हेच विक्रेते आपले पुट परत घेण्यासाठी धावू शकतात, आणि मग आधाराचाच उतार होतो.

अर्थात प्रत्येक करारात एक विकणारा असतो तसा एक घेणाराही असतो, आणि पुढाकार कोणाचा होता हे ओआय सांगत नाही. ते ताडण्यासाठी मी प्रीमियम पाहतो: निर्देशांक जागच्या जागी असताना पुटचा ओआय वाढला आणि प्रीमियम उतरला, तर विक्रीचा जोर असल्याची शक्यता जास्त; ओआय आणि प्रीमियम दोन्ही चढले, तर कोणीतरी घसरणीपासून संरक्षण विकत घेत असावे आणि त्या वाढीला आधार म्हणणे धोक्याचे. इथेही मुदत सरता सरता प्रीमियम आपोआप झिजतो, त्यामुळे एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी ही खूण फारशी विश्वासाची राहत नाही.

आपल्याला फक्त एका एक्स्पायरीचा, दिवसातून एक-दोनदा अंदाज घ्यायचा असेल, तर सात ओळी हाताने भराव्यात असे मी सुचवेन. पूर्ण चेनच हवी असेल, तर साधन वापरण्यात गैर काही नाही. माझ्यावर ती वेळ येते तेव्हा मी स्क्रीनशॉटमध्ये एक्स्पायरीची तारीख आणि वेळ आल्याची खात्री करतो, दोन्ही ओआय स्तंभांवर `COUNT` लावतो, आणि सर्वाधिक पुट ओआयच्या तीन ओळी चित्राशी आकडा न् आकडा जुळवून पाहिल्याशिवाय रेशोच्या घराकडे बघत नाही.