लिसनिंगची वर्कशीट: ट्रान्स्क्रिप्ट पाहून सोडवायची की नोट्स घेऊन?

परळच्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत. एकात मुलांच्या हाती ऑडिओचा छापील मजकूर, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, असते आणि उत्तरं त्यातून शोधायची असतात. दुसऱ्यात हाती कोरा कागद असतो. आकडे, तारखा, नावं, वेळा ऐकता ऐकता टिपायच्या आणि नंतर त्या टिपणांवरून वर्कशीट भरायची. तुम्हाला यातलं एक निवडायचं असेल, तर आधी एक छोटा प्रयोग करा. ट्रान्स्क्रिप्टवाली वर्कशीट मुलांना द्या, पण ऑडिओ लावूच नका. मार्क तेवढेच पडले, तर ती वर्कशीट लिसनिंगची नव्हे, वाचनाची आहे.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. ट्रान्स्क्रिप्टमध्ये वेळ ‘५:४५’ अशी अंकांत छापलेली होती. अख्ख्या पानात अंक मोजकेच, त्यामुळे नजर थेट त्यांवरच जाऊन पडते. ऑडिओ संपायच्या आधीच निम्म्या वर्गाची पेनं खाली.

आता नोट्सची बाजू. दवाखान्यातल्या फोनचा पाऊण मिनिटाचा एक संवाद आम्ही दोन शिक्षकांनीच वाचून दाखवला. पेशंटचं नाव मिसेस डिमेलो, स्पेलिंग ‘डी, अपॉस्ट्रॉफी, एम, ई, डबल एल, ओ’. अपॉइंटमेंट ‘थर्सडे द थर्टीन्थ... नो, सॉरी, फ्रायडे द फोर्टीन्थ, क्वार्टर टू सिक्स’. फोनचे शेवटचे चार आकडे ‘डबल सेव्हन, ओ, फोर’. फी ‘थ्री फिफ्टी’.

बरोबर उत्तर: शुक्रवार, १४ तारीख, पावणेसहा, ७७०४, ३५० रुपये. कागदांवर काय काय आलं ते पाहण्यासारखं होतं. बऱ्याच जणांनी गुरुवारच लिहिला होता, कारण ‘सॉरी’ ऐकून आधीचं खोडायचं असतं हे सुचलंच नाही. काहींनी १३ च्या जागी ३० लिहिले. थर्टीनमध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर असतो आणि थर्टीत पहिल्या भागावर, तो फरक कानाने टिपला नव्हता. इथे वार कामी येतो: १३ ला गुरुवार असेल तर ३० ला रविवार येतो, म्हणजे ‘गुरुवार ३०’ जमतच नाही. ‘डबल एल’चं ‘डब्ल्यू, एल’ करणारेही दोघे निघाले. आणि क्वार्टर टू सिक्सचे सव्वासहा! गंमत म्हणजे पावणे हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. इंग्रजी ऐकून मनात ‘पावणेसहा’ म्हणणारा चुकत नाही. ‘क्वार्टर’ आणि ‘सिक्स’ एवढंच पकडणारा चुकतो.

ट्रान्स्क्रिप्टवाल्या प्रकारात यातली एकही चूक बाहेर आली नसती. माझ्या मते नोट्सचा खरा उपयोग हाच, की चूक कुठल्या जातीची आहे ते कळतं. गोष्टीचा अर्थ लक्षात राहतो, संदर्भावरून जुळवताही येतो. ७७०४ मात्र अंदाजाने येत नाही, तो तिथल्या तिथे लिहावाच लागतो. म्हणून ऑडिओ लावण्याआधी कागदावर चार चौकोन आखायला लावा: नाव, वार-तारीख, वेळ, आकडा. वाक्यं लिहायची नाहीत, खोडरबर वापरायचा नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. वक्त्याने शब्द बदलला की कागदावरही तशीच रेघ दिसली पाहिजे.

पण नोट्स सगळीकडे चालत नाहीत. चाळीस मुलं, एक मोबाइलचा स्पीकर आणि खिडकीबाहेर लोकलचा खडखडाट असेल, तर मार्क कानाला नाही, बाकाला पडतात. तिथे स्वतः वाचून दाखवा. ज्यांना इंग्रजी आकडे अजून ओळखताच येत नाहीत, त्यांनाही सुरुवातीला ट्रान्स्क्रिप्टच द्या, फक्त आकडे अक्षरांत छापा. ‘क्वार्टर टू सिक्स’ वाचून ५:४५ लिहिणं हे निदान काम तरी आहे. ज्याला ऐकू कमी येतं, त्याला मजकूर द्यायचा की नाही हा प्रश्नच नाही.

आयईएल्टीएसची तयारी असेल तर मी विचारही करणार नाही. तिथे ऑडिओ एकदाच ऐकवतात आणि पहिल्या भागात बहुधा असलेच नाव-नंबर-तारखांचे फॉर्म भरायचे असतात.

बाकीच्यांसाठी आम्ही शेवटी क्रम लावून घेतला. दोनदा ऐकून निळ्या पेनाने नोट्स आणि उत्तरं. मग ट्रान्स्क्रिप्ट वाटायची आणि लाल पेन. निळं उत्तर बदलायचं नाही; शेजारी फक्त लिहायचं: ऐकूच आलं नाही, चुकीचं ऐकलं, की बरोबर ऐकून खोडायचं राहिलं. त्यानंतर फक्त ती चुकलेली ओळ, मजकुरावर बोट ठेवून, पुन्हा ऐकायची. याला पंचवीस मिनिटं लागतात, नुसत्या ट्रान्स्क्रिप्टला दहा. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर प्रश्न निम्मे करा.