अ‍ॅबस्ट्रॅक्ट मंजूर झाला, आता आराखडा ठरलेल्या साच्यात की दाव्यांनुसार?

समजा, जळगावच्या एका चर्चासत्रात तुमचा 250 शब्दांचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट मंजूर झाला आहे आणि शोधनिबंध 3000 शब्दांत द्यायचा आहे. विषय खानदेशातल्या कानबाईच्या अहिराणी गाण्यांचा. अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये तीन दावे केलेत: गाण्यांतली देवी माहेरवाशिणीसारखी येते, सुरत-पुण्याला स्थायिक झालेल्या घरांत गाण्यांतले शेतीचे शब्द गळतात, आणि मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणांमुळे चाली एकसारख्या होत चालल्या आहेत.

पहिला मार्ग नेहमीच्या साच्याचा. प्रस्तावना 400 शब्द, पूर्वसंशोधन 400, पद्धत 400, निरीक्षणे 1100, चर्चा 500, निष्कर्ष 200. रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकच्या दोन पद्धती मोजून पाहिल्या असतील, तर हाच घ्यावा. सगळा पुरावा एका तक्त्यात बसतो आणि वाचकाला तो एका नजरेत हवाही असतो.

गाण्यांचं तसं नाही. सगळी गाणी निरीक्षणांत ओतली की त्यांचा अर्थ दोन-तीन पानांनी चर्चेत येतो, तोवर वाचक ओळी विसरलेला असतो. चर्चेत 'वर दिलेल्या गाण्यात' हे शब्द वारंवार यायला लागले, की पुरावा चुकीच्या जागी पडलाय असं समजावं.

अशा विषयाला मी दुसरा मार्ग निवडेन: प्रस्तावना 350, पार्श्वभूमी आणि पद्धत मिळून 450, मग पहिला दावा 600, दुसरा 800, तिसरा 450, निष्कर्ष 350. दुसऱ्या दाव्याला जास्त जागा, कारण तिथे एकाच गाण्याचं गावातलं आणि शहरातलं रूप शेजारी-शेजारी ठेवावं लागतं. प्रत्येक दाव्यात क्रम एकच ठेवा. आधी दावा एका वाक्यात, लगेच चार ओळी अहिराणीत, खाली मराठी अर्थ, मग विवेचन. ओळी आणि अर्थ मिळून साधारण 50-60 शब्द जातात. त्यामुळे 600 शब्दांत तीन उतारे पुरे. चौथा घातला की विवेचन आक्रसतं आणि निबंध गाण्यांचा संग्रह होऊन बसतो. गाणं कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या बाईकडून, केव्हा ऐकलं हे उताऱ्याखालीच एका ओळीत द्या. पद्धतीच्या भागात फक्त गावं कशी निवडली आणि परवानगी कशी घेतली एवढंच राहू द्या.

या मार्गाची अडचण अशी, की दुबळा दावा लगेच उघडा पडतो. तिसऱ्या दाव्याखाली दोनच ध्वनिमुद्रणं मांडता आली, तर 'चाली एकसारख्या होत आहेत' असं म्हणता येणार नाही. 'या दोन गावांत एकच चाल ऐकू आली' इतकंच म्हणता येईल. तो भाग मग 250 शब्दांवर आणा, उरलेले 200 दुसऱ्या दाव्याला द्या आणि दावा आवरता घेतल्याचं संयोजकांना आधीच कळवा. त्यांनी मंजुरी दिली ती तीन दाव्यांना, त्यामुळे तिसरा गुपचूप वगळला तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.