आठ महिन्यांनंतर: औषधांच्या नोंदींचं अ‍ॅप चांगलं, पण तारखेवर डोळे झाकून विसंबू नका

आईच्या गोळ्या आणि रक्तदाब यांच्या नोंदी ठेवायला मी हे अ‍ॅप घेतलं. मी पुण्यात, ताई न्यू जर्सीत. दोघींना एकच वही दिसते. आलेख सुरेख निघतो, मराठीही नीट आहे. तक्रार आहे ती तारीख-वेळेची.

पहिल्यांदा लक्षात आलं नोव्हेंबरमध्ये. डॉक्टरांची पुढची तारीख मी २० टाकली, ताईला १९ दिसली. गंमत म्हणजे वेळ घातलेल्या नोंदी दोन्ही फोनवर बरोबर होत्या. चुकत होत्या फक्त नुसत्या तारखेच्या. तिथेच कारण सापडलं. नुसती तारीख टाकली की अ‍ॅप तिला मध्यरात्रीचे बारा चिकटवतं. आपल्याकडे २० तारखेचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा न्यू जर्सीत १९ च्या दुपारचा दीड झालेला असतो, आणि अ‍ॅप तिला ती तारीख दाखवतं. खरं तर अशा तारखेला वेळ जोडायलाच नको, ती जशीच्या तशी साठवायला हवी. मी आता अशा नोंदीला दुपारचे बारा टाकते. तेव्हा ताईकडे त्याच तारखेचा रात्रीचा दीड असतो. कॅलिफोर्नियात कुणी असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिथे अजून आदली रात्रच असते.

दुसरा प्रसंग जिवाला घोर लावणारा होता. डिसेंबरमध्ये आई ताईकडे गेली. तिच्या फोनवर आपोआप वेळ घेण्याची सोय बंद होती, म्हणून तिने हातानेच घड्याळ साडेदहा तास मागे घेतलं. घड्याळ बरोबर दिसू लागलं, पण टाइम झोन भारताचाच राहिला. सकाळी आठला तिने गोळी घेऊन नोंद केली. अ‍ॅपने ते भारतातले सकाळचे आठ धरले आणि ताईच्या फोनवर ती नोंद आदल्या रात्री साडेनऊची म्हणून उमटली. सकाळची गोळी राहिलीच असं समजून ताई दुसरी द्यायला निघाली होती. आईला आठवत होतं म्हणून थांबली.

असं काही दिसलं तर नुसतं घड्याळ पाहू नका. फोनच्या सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ उघडून टाइम झोन बघा. आईच्या फोनवर अमेरिकेत GMT+05:30 होतं. तिथल्या आपोआप वेळ आणि आपोआप टाइम झोन या दोन्ही सोयी चालू केल्यावर पुढच्या नोंदी ठीक झाल्या. जुन्या मात्र एकेक करून हाताने सुधाराव्या लागल्या.

चूक आईच्या फोनमध्ये होती, मान्य. पण नोंद पाठवताना फोनचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं असतं तर साडेदहा तासांचा फरक लगेच दिसला असता. औषधाच्या अ‍ॅपने तिथे इशारा द्यायलाच हवा. मी हे सगळं स्क्रीनशॉटसह कळवलं, तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका असं उत्तर आलं.

सध्या तीन तारे. वापर चालू आहे, पण ताई आणि मी गोळ्यांची वेळ फोनवर बोलूनही पक्की करतो.