‘मान्यता मिळाल्यावर’ : दोन शब्दांत माझे 2,07,360 रुपये अडकले

टप्प्याटप्प्याने बिल लावलं की पैसे बुडत नाहीत, असं नऊ वर्षं मी स्वतः लोकांना सांगत आले. आगाऊ घ्यायचं, प्रत्येक टप्पा झाला की मेल टाकायचा, सोबत बिल जोडायचं. टप्पे सगळे पाडलेले होते, मेलही सगळे गेलेले होते, तरी मी फसले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पण पद्धत लिहिते, कारण हीच पद्धत आणखी कुणावर तरी वापरली जाणार याची मला खात्री आहे.

आम्ही दोघंजण सॉफ्टवेअर करतो, मी आणि माझा सहकारी. बियाणं-खतं विकणाऱ्या एका कंपनीला दुकानदारांकडून मोबाइलवर ऑर्डर घेण्यासाठी ॲप हवं होतं. जानेवारी 2024 मध्ये 6,40,000 रुपये अधिक जीएसटी असं ठरलं. चार टप्पे: आगाऊ 20 टक्के, स्क्रीनच्या डिझाइनला 20 टक्के, चाचणी सर्व्हरवर सगळं चालू करून दिल्यावर 30 टक्के, आणि प्रत्यक्ष वापर सुरू होऊन त्यांच्या माणसांना शिकवून झालं की उरलेले 30 टक्के.

आता तो क्षण सांगते. वर्ष उलटून गेलं तरी डोक्यातून जात नाही. टप्प्यांचा मेल पाठवल्यावर त्यांच्या खरेदी विभागाच्या साहेबांचं उत्तर आलं: “मॅडम, शेड्यूल ठीक आहे. फक्त टप्पा 3 आणि 4 मध्ये ‘चालू करून दिल्यावर’च्या ऐवजी ‘व्यवस्थापनाची मान्यता मिळाल्यावर’ करा. अकाउंट्सच्या फॉरमॅटमध्ये तसं लागतं.” मी मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभी होते. फोनवरूनच “ओके सर, नोटेड” लिहिलं. चार मिनिटांत.

फॉरमॅटच असता तर चारही टप्प्यांना लागला असता ना? पहिल्या दोन टप्प्यांना त्यांनी हातच लावला नाही. बदल फक्त मोठ्या रकमांच्या टप्प्यांत होता. मान्यता कोण देणार, त्याचं नाव नाही. किती दिवसांत देणार, त्याचा आकडा नाही. काय पाहून देणार, त्याची यादी नाही. म्हणजे काम संपलं की नाही हे ठरवणं माझ्या हातातून काढून त्यांनी स्वतःच्या खिशात घातलं, आणि मी ते ओके म्हणून लिहून दिलं.

मी बेसावध होते असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. पहिली दोन बिलं पाचव्या दिवशी जमा झाली होती. वेळेवर 2,56,000 देणाऱ्या माणसाच्या एका शब्दावर किती जण भांडतील? आता कळतं की ते पैसे पुढच्यासाठी टाकलेले होते. पहिले दोन टप्पे कागदाचे असतात, डिझाइन घेऊन कुणी ऑर्डरी घेऊ शकत नाही. खरा माल तिसऱ्या टप्प्याला हातात येतो.

तिसरा टप्पा आम्ही 8 जूनला चाचणी सर्व्हरवर चालू करून दिला. 10 जूनला टप्पा पूर्ण झाल्याचा मेल आणि 1,92,000 अधिक 34,560 जीएसटीचं बिल गेलं. 12 जूनला फोन आला: “डायरेक्टर साहेबांना आपल्या सर्व्हरवर बघायचंय, दोन दिवसांचा डेमो, मग लगेच मान्यता.” तोपर्यंत कोड आमच्याच सर्व्हरवर होता. आम्ही तो सगळा त्यांच्या सर्व्हरवर चढवून दिला. पैसे जमा होण्याआधी कोड हलवायचा नाही, हे मी इतरांना बजावत आले होते, आणि त्या दिवशी मीच तो हलवला.

ॲपमध्ये काही बिघडलं की आम्हाला आपोआप मेल येतो. ती सोय त्यांनी बंद करायची राहिली होती म्हणून आम्हाला कळलं. 14 जूनच्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी एक मेल आला. आमच्या चाचणीच्या माहितीत दुकानांची नावं ‘दुकान 1’, ‘दुकान 2’ अशी होती. या मेलमध्ये खऱ्या कृषी सेवा केंद्राचं नाव होतं, सोयाबीन बियाण्याच्या 8 बॅगा आणि खाली दुकानदाराची टीप: “उद्या सकाळी पाठवा, पाऊस झालाय.” मी ती टीप सहकाऱ्याला वाचून दाखवली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. खरीप सुरू झाला होता. डेमो वगैरे काही नव्हता, त्यांना पेरणीच्या आधी ॲप हवं होतं आणि ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, “ट्रायल आहे मॅडम.” पुढचे सात आठवडे ट्रायलच चालली. एकेक करून 23 दुरुस्त्या आल्या, सगळ्या फोनवर. बटण हिरवं करा, बिलाचा फाँट वाढवा. आम्ही केल्या, कारण प्रत्येक वेळी “ही झाली की मान्यता” असं सांगितलं जायचं. लेखी काहीच नाही. एकच मेल आला, 20 जूनला: “काम छान चाललं आहे. काही किरकोळ बाबी फोनवर बोलू.” मेलमध्ये आलेल्या ऑर्डरचा शेवटचा क्रमांक 1,187 होता. 2 ऑगस्टला आमचा पासवर्ड चालेनासा झाला. त्यानंतर फोनही नाही. चौथा टप्पा त्यांनी फुकट वापरला, तिसरा टप्पा मात्र त्यांच्या लेखी अजून ‘मान्यतेच्या प्रतीक्षेत’ आहे.

आणि जीएसटी? आमचं काम लांब पल्ल्याचं आणि पैसे टप्प्यांशी बांधलेले, त्यामुळे टप्पा पूर्ण झाला की बिल काढावंच लागतं, आणि बिल काढलं की कर भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत. न मिळालेल्या पैशांवर 34,560 रुपये मी जुलैत खिशातून भरले.

ऑगस्टअखेर आमच्या सी.ए.नी फॉर्म 26एएस, म्हणजे आमच्या नावावर कापून भरलेल्या कराचा उतारा, उघडला आणि मला फोन केला. त्या बिलावर कंपनीने 19,200 रुपये टीडीएस कापून भरला होता! मान्यता दिली नाही म्हणणाऱ्यांनी बिल हिशोबात घेतलं होतं, खर्च दाखवला होता. हा कागद प्रत्येकाने बघा. ग्राहक “बिल अजून बघतोय” म्हणत असेल आणि 26एएसमध्ये तुमच्या बिलाचा टीडीएस दिसत असेल, तर तो खोटं बोलतोय, आणि तो पुरावा त्याने स्वतःच्या हाताने सरकारकडे भरलेला आहे.

एवढं सगळं घेऊन पोलीस ठाण्यात गेले. दोन तास बसवलं. मग साहेब म्हणाले, “मॅडम, हे दिवाणी मॅटर आहे. तुम्हीच ओके लिहिलंय ना?” फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवा, म्हणाले. शब्द बदलायला लावलेला मेल पुढे केला तर तो वाचलाही नाही. सायबर विभागात पाठवलं. तिथे म्हणाले, तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का? नाही? मग आमच्याकडे नाही. मग जीएसटी कार्यालयात गेले, कारण 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासकट सोडावं लागतं. तिथला माणूस म्हणाला, “तुमचा कर भरलेला आहे ना? मग तुमची तक्रार काय आहे?” माझा कर भरलेला आहे, हीच माझी तक्रार आहे! तीन कार्यालयं, सहा फेऱ्या, आणि एकानेही माझा अर्ज घेऊन पोच दिली नाही.

शेवटी नोव्हेंबरमध्ये समाधान पोर्टलवर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे अर्ज केला. कायदा आमच्या बाजूचा आहे आणि तो 2006 सालापासून आहे, हे मला तेव्हा कळलं याची लाज वाटते. काम हातात मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलंच असं धरतात. म्हणूनच 23 दुरुस्त्या फोनवर होत्या. त्यांना हे माहीत होतं, मला नव्हतं. करार काहीही म्हणो, 45 दिवसांपलीकडे पैसे ठेवता येत नाहीत, आणि ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. निकाल 90 दिवसांत द्यायचा असं कायद्यात आहे. माझी पहिली नोटीस निघायलाच तीन महिने लागले. पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलाने मुद्दा काढला: लघु उद्योग म्हणून आमची उद्यम नोंदणी एप्रिल 2024 ची, काम जानेवारीचं. त्यावर पुढची तारीख, मग त्याच्या पुढची. नोंदणी फुकट असते, आधारवर घरबसल्या होते. करायची राहिली होती, एवढंच. ती आजच करा, पुढच्या कामाच्या मेलच्या आधी.

आता माझा टप्प्याचा मेल असा जातो:

“टप्पा 3 आज पूर्ण झाला. सोबत ठरलेल्या 14 मुद्द्यांची यादी आणि प्रत्येकाचा स्क्रीनशॉट आहे. यादीतील मुद्द्यांबाबत हरकत असल्यास 7 दिवसांत याच मेलला उत्तर देऊन कळवावी. तसे न झाल्यास टप्पा स्वीकारला असे धरले जाईल. यादीबाहेरील बदलांचे दर वेगळे. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यास तो स्वीकार समजला जाईल. रक्कम जमा झाल्यावर कोड हस्तांतरित होईल व टप्पा 4 सुरू होईल.”

यातलं ‘प्रत्यक्ष वापर’वालं वाक्य मला दोन लाखांना पडलं आहे. फुकट उचला. दुरुस्ती फोनवर आली तर त्याच संध्याकाळी “आज फोनवर आपण हे सांगितलंत” असा मेल टाका. आणि शेवटचा टप्पा 30 टक्क्यांचा ठेवू नका. मी आता 10 ठेवते.

गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका मुलीचा फोन आला, ओळखीतून नंबर मिळाला म्हणाली. एका कंपनीचं ऑर्डरचं ॲप आहे, आधीच्या लोकांनी अर्धवट सोडलंय, ते पुढे करायचंय. आलेला मेल तिने मला पाठवला. मेलखाली त्याच खरेदी विभागाच्या साहेबांचं नाव, आणि तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापुढे तेच तीन शब्द: व्यवस्थापनाची मान्यता मिळाल्यावर. मी तिला वरचा मेल जसाच्या तसा पाठवला. तिने तो त्यांना टाकला. चार दिवस झाले, त्यांचं उत्तर आलेलं नाही.