"अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल" म्हणजे किती, हे न विचारल्याचे 390 डॉलर

आमचा रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. हे आणि दीर कॅनिंग बघतात, कागदपत्रं माझ्याकडे. गेल्या सीझनला दुबईच्या पार्टीची ऑर्डर आली, वीस फुटी दोन कंटेनर, एकेकात साधारण 900 बॉक्स, बॉक्समध्ये 3.1 किलोचे सहा डबे. भाव ठरला सीएफआर जेबेल अली, म्हणजे जहाजाचं भाडं आमच्या माथी, आणि पार्टीला जो रेट दिला तो दिला, नंतर भाडं वाढलं म्हणून एक रुपया जास्त मागता येत नाही.

न्हावा शेवाहून जेबेल अलीसाठी दोन फॉरवर्डरकडून, म्हणजे माल जहाजाने पाठवून देणाऱ्या एजंटांकडून, कोटेशन मागवलं. पहिल्याने एका ओळीत लिहून दिलं, कंटेनरमागे 340 डॉलर, ऑल-इन. दुसऱ्याचं कोटेशन छान टेबल करून आलं होतं, त्यात पहिल्याच ओळीत ओशन फ्रेट 160 डॉलर, ठळक अक्षरात. खाली बीएएफ, समोर 'अ‍ॅज अ‍ॅप्लिकेबल'. एलएसएस, समोर 'अ‍ॅट अ‍ॅक्च्युअल'. कंजेशन सरचार्ज, समोर 'इफ एनी'. मग टीएचसी म्हणजे बंदरातली हाताळणी, डॉक्युमेंटेशन, सील, हे सगळं रुपयांत आणि व्यवस्थित आकड्यांसकट. आता खरं सांगते, मला वाटलं सरचार्ज म्हणजे चहात साखर, दहावीस डॉलर इकडेतिकडे. 160 आणि 340 मध्ये केवढा फरक! ह्यांनी विचारलं होतं, "ते खाली काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, अहो ते सगळेच लिहितात.

कंटेनर कारखान्यातच भरले, सील लागलं, ट्रेलर जूनच्या त्या पावसात हायवेने न्हावा शेवाला पोचले, 28 तारखेला बोटीवर चढले. आणि बोट सुटल्यावर बिल आलं. कंटेनरमागे ओशन फ्रेट 160, बीएएफ 90, एलएसएस 45, कंजेशन 150. झाले 445. दोन कंटेनरचे 890. ऑल-इनवाल्याकडे 680 मध्ये गेले असते.

फोन केला तर पोरगा एकदम गोड. "ताई, हे लाइनचे, म्हणजे जहाज कंपनीचे, चार्जेस आहेत, आमच्या हातात काही नाही, पेमेंट आलं की लगेच बीएल रिलीज करतो." इथे आमची मान अडकली. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल बोटीवर चढल्याचा जहाज कंपनीचा कागद. तो हातात आल्याशिवाय बँकेत कागद लावता येत नाहीत, एलसीवर म्हणजे पार्टीच्या बँकेच्या हमीवर व्यवहार होता, माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद बँकेत हवेत, आणि न्हावा शेवा ते जेबेल अली म्हणजे तीनचार दिवसांचा प्रवास, तिकडे कंटेनर उतरून पडला की पार्टी बोंबलणार. निमूट पैसे भरले. डॉलरचा रेटसुद्धा बँकेपेक्षा दोन अडीच रुपये वर लावला होता, पण त्यावर भांडायचं त्राण नव्हतं.

नंतर गणपतीत माझा मामेभाऊ बाळादादा आला, तो उरणला कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. त्याच्यापुढे कोटेशन आणि बिल दोन्ही ठेवलं, म्हटलं बघ तरी. त्याने पेन घेतलं आणि एकेक ओळ वाचायला लागला.

बीएएफच्या ओळीवर टिक केली. हा जहाजाच्या इंधनाचा फरक. बऱ्याच लाइन तो ठरावीक मुदतीने, बहुतेक दर तिमाहीला बदलतात, हिशोब साधारण असा की तेलाचा टनाचा सरासरी भाव गुणिले त्या मार्गाचा फॅक्टर, म्हणजे एका कंटेनरवाटे त्या प्रवासात किती तेल जळतं ते. तेल 600 डॉलर टन धर आणि फॅक्टर 0.15, झाले 90. लाइनच्या वेबसाइटवर त्या तिमाहीचा आकडा शोधला तर बरोब्बर 90 निघाला. बघा हं, ही ओळ खरी होती, आणि त्या मुलाने फोनवर नेमकी हीच समजावून सांगितली होती, म्हणून बाकीच्यांवरही माझा विश्वास बसला.

एलएसएसवर आला आणि हसला. लो सल्फर सरचार्ज. 1 जानेवारी 2020 पासून जगभर जहाजाच्या तेलातलं गंधक 3.50 टक्क्यांवरून 0.50 वर आणायचा नियम लागू झाला, तेल महाग झालं, तेव्हा हा चार्ज घरोघरी झाला. पण आता ते कमी गंधकाचं तेल हेच नेहमीचं तेल आहे, आणि या लाइनच्या बीएएफच्या हिशोबात धरलेला भाव त्याच तेलाचा. मग त्याच तेलाचे परत 45 कशाचे? दादाने हेही सांगितलं की सरसकट चोरी म्हणू नकोस, काही लाइन बीएएफ कमी ठेवून एलएसएस वेगळा दाखवतात, आणि उत्तर समुद्र, बाल्टिक, अमेरिकेचा किनारा अशा भागांत मर्यादा 0.10 टक्के आहे, तिथे वेगळा चार्ज असू शकतो. न्हावा शेवा काय आणि जेबेल अली काय, त्या भागात येत नाहीत. आणि या लाइनच्या यादीत या मार्गाला एलएसएस नावाची ओळच नव्हती.

मग कंजेशन. बंदरात गर्दी झाली, बोटी बाहेर नांगर टाकून थांबल्या की लाइन हा लावते. फॉरवर्डरने पुरावा म्हणून लाइनची नोटीसच पाठवली होती, पीडीएफ, वर लोगो बिगो, 150 डॉलर पर कंटेनर. मी तेव्हा 150 वाचलं आणि पीडीएफ बंद केली. दादाने खालची बारीक ओळ दाखवली, 1 जुलै किंवा त्यानंतरच्या बीएल तारखेला लागू. आमच्या बीएलवर 28 जून. (काही लाइन बीएलची तारीख धरतात, काही कंटेनर गेटमधून आत गेल्याची, पण काय धरलंय ते नोटिशीतच असतं.) म्हणजे ज्या कागदाने पैसे काढले त्याच कागदात लिहिलं होतं की द्यायचे नाहीत. डोकं सणकलं अगदी.

कंटेनरमागे 195, दोनाचे 390. मी फॉरवर्डरला मेल टाकला, लाइनने तुम्हाला दिलेल्या फ्रेट इनव्हॉइसची कॉपी पाठवा, बाकी काही लिहिलं नाही. दोन दिवस शांतता. मग फोन, "ताई एलएसएस आमचं इंटर्नल हेड आहे, कंजेशनचं चुकून लागलं असेल, पुढच्या शिपमेंटला अ‍ॅडजस्ट करू." पुढची शिपमेंट त्याच्याकडे कोण देणार? इंटर्नल हेड म्हणजे त्याचं मार्जिन. मार्जिन घ्या ना बाबा, पण ओशन फ्रेटमध्ये घालून उघड घ्या, लाइनच्या नावाने कशाला?

या सीझनला मी कोटेशन आलं की आकडा नसलेली प्रत्येक ओळ पिवळी करून परत पाठवते आणि खाली लिहिते, आकडा टाका, कंटेनरमागे की बीएलमागे ते टाका, कुठल्या तारखेपर्यंतच्या बीएलला हा रेट ते टाका, आणि जो चार्ज लाइनच्या यादीत नाही तो देणार नाही. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दहा मिनिटांत सगळ्या ओळी भरून पाठवल्या, बेरीज 355.

जुन्या फॉरवर्डरची कंजेशनची क्रेडिट नोट अजून यायचीय.